'पेक्षा'पासून सुरुवात

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं एखादं जाडजूड गणिताचं पुस्तक हाती लागलं, की मी ते उघडायच्या आधी आडवं धरून त्याची कड बघतो. पहिली चाळीस-पन्नास पानं बोटांनी काळवंडलेली असतात आणि तिथून पुढची कड थेट पांढरी. आत पेन्सिलीच्या खुणाही तिथवरच. आधीचा मालक कुठे थांबला हे विचारायची गरज उरत नाही. तो बहुतेक वेळा पहिल्याच प्रकरणात थांबलेला असतो, आणि ते प्रकरण असतं संख्यापद्धतीचं.

यात त्या मुलाचा आळस असेलही, पण पुस्तकाच्या मांडणीचाही वाटा आहे. आर. एस. अगरवालांचं 'क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड' घ्या किंवा अरुण शर्मांचं कॅटसाठीचं पुस्तक घ्या, दोन्हींची सुरुवात संख्यांपासून होते. गणित जाणणाऱ्याला हा क्रम योग्यच वाटेल, कारण सगळं संख्यांवरच तर उभं आहे. पण मोठ्या घातांकाच्या संख्येला 7 ने भागल्यावर बाकी किती, किंवा 100! च्या शेवटी शून्यं किती, हे प्रश्न कच्च्या मुलासाठी पहिल्या आठवड्यातले नव्हेत. ज्याला अपूर्णांकांचा भागाकार अडतो तो इथे आठवडाभर झुंजतो, 'आपल्याला गणित जमत नाही' हा दहावीतला निष्कर्ष पक्का करतो आणि पुस्तक अप्पा बळवंत चौकात परत येतं.

माझ्या भाचीचं तेच व्हायच्या बेतात होतं. बी.ए. झालेली, दहावीनंतर गणिताशी संबंध नाही, आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी द्यायची ठरवलेली. टेबलावर अगरवालांची दोन, अरुण शर्मांचं एक आणि सर्वेश वर्मांचं 'क्वांटम कॅट', अशी चार पुस्तकं. सगळी एकाच दिवशी आणलेली. "मामा, यातलं नेमकं कुठलं करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, आज कुठलंच नको, आधी एक कोरा कागद घे.

त्या कागदावर मी सहा गणितं लिहून दिली. 2/3 चे 3/4 किती? 0.4 ÷ 0.05 किती? −3 − (−7) किती? 360 रुपये 2 : 3 : 4 या प्रमाणात वाटा. 2(x − 3) = 5x + 9 सोडवा. 240 चे 12.5% किती? वेळेचं बंधन नव्हतं, पण प्रत्येक गणितासमोर किती वेळ लागला ते लिहायचं होतं. उत्तरं अनुक्रमे 1/2, 8, 4, मग 80-120-160 रुपये, −5 आणि 30.

तिची चार उत्तरं बरोबर आली, पण कामाची ठरली ती चुकलेली दोन. भागाकारात तिने 0.08 लिहिलं होतं. 0.4 मध्ये 0.05 किती वेळा मावतात, असा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता, नुसता दशांशचिन्ह सरकवण्याचा नियम आठवायचा प्रयत्न केला होता. समीकरणात कंस सोडवताना 2 ने फक्त x ला गुणलं होतं, 3 तसाच राहिला, म्हणून −5 ऐवजी −4 आलं. आणि 12.5% चं उत्तर बरोबर असलं, तरी समोर 'दीड मिनिट' लिहिलेलं होतं. तिने 240 गुणिले 12.5 असा पूर्ण गुणाकार मांडला होता. 12.5% म्हणजे एक अष्टमांश हे माहीत असेल तर तेच उत्तर दोन सेकंदांत येतं.

या कागदावरून कुठलं पुस्तक उघडायचं ते ठरतं. दशांश, अपूर्णांक, ऋण संख्या अडत असतील तर सहावी-सातवीचं; कंस आणि समीकरणं अडत असतील तर सातवी-आठवीचं. बालभारतीची ही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, एनसीईआरटीचीही. पदवीधर मुलीला सहावीचं पुस्तक समोर घ्यायची लाज वाटते, म्हणून ती ते घेत नाही आणि त्याच गोष्टी सहाशे पानांच्या पुस्तकात अर्ध्या पानाच्या सारांशावरून शिकू पाहते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात प्रकरणाच्या सुरुवातीला जे सूत्रांचं पान असतं, ते आठवण करून देण्यासाठी असतं. जे कधी समजलेलंच नाही ते तिथे समजत नाही. शालेय पुस्तकात तीच गोष्ट चित्र, उदाहरण, सरावसंच अशी पायरीपायरीने येते, आणि सरावसंच लहान असल्यामुळे एका बैठकीत संपतो. भाचीला सहावी ते आठवीचे कामाचे धडे, म्हणजे अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज आणि एकचल समीकरणं, रोज दीड तास धरून तीन आठवडे लागले. भूमिती तेव्हा बाजूला ठेवली.

त्यानंतर अगरवालांचं पुस्तक उघडलं, पण पहिल्या पानापासून नव्हे. शेकडेवारीपासून.

शेकडेवारीत मुलं ज्या जागी घसरतात ती गणिताची कमी आणि भाषेची जास्त असते. 'अ चा पगार ब च्या पगारापेक्षा 25% जास्त आहे, तर ब चा पगार अ पेक्षा किती टक्के कमी?' दहातल्या आठ जणांचं पहिलं उत्तर 25 असतं. इथे मराठी आपल्या मदतीला येते. ज्याला 'पेक्षा' चिकटलंय तो 100. पहिल्या वाक्यात 'पेक्षा' ब ला चिकटलंय, म्हणून ब 100 आणि अ 125. दुसऱ्या वाक्यात 'पेक्षा' अ ला आहे, म्हणून फरक तोच 25, पण तो आता 125 पैकी मोजायचा. 25 भागिले 125, म्हणजे 20%. परीक्षा इंग्रजीत असते आणि तिथे 'पेक्षा'चं काम 'दॅन' करतो, पण तो शब्दाला चिकटत नाही, त्याच्या आधी सुटा उभा राहतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी सुरुवातीचे पंधरा दिवस प्रत्येक इंग्रजी वाक्यातल्या 'दॅन'नंतरच्या शब्दाखाली रेघ मारावी आणि त्यावर 100 लिहावं. वेडगळ वाटेल, पण अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

आता एक गणित जरा सावकाश बघू. असलं गणित जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतं. साखरेचा भाव 25% वाढला. घरखर्च वाढू द्यायचा नसेल तर साखरेचा वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल?

पुस्तकात याचं सूत्र तयार आहे: R / (100 + R) × 100. R जागी 25 घाला, 20% उत्तर. भाचीने सूत्र पाठ केलं, त्याखालची सात गणितं सोडवली, सातही बरोबर. मग मी एकच शब्द बदलला. भाव 25% वाढला, पण घरखर्च 10% वाढू द्यायला आई तयार झाली, तर वापर किती टक्के कमी? भाचीने सूत्राकडे पाहिलं. त्यात 10 ठेवायला जागाच नव्हती.

म्हणून वाण्याच्या दुकानात गेलो, म्हणजे कागदावर. साखर 40 रुपये किलो होती, 25% वाढून 50 झाली. महिन्याचे 200 रुपये ठरलेले. आधी 5 किलो येत होती, आता 4 किलो येते. भावाचं गुणोत्तर 4 : 5, वापराचं 5 : 4, बरोबर उलटं. पाचातला एक भाग गेला, म्हणजे 20%. आता आईने 10% वाढवून दिले, 220 रुपये झाले. 220 भागिले 50, म्हणजे 4.4 किलो. पाचावरून 4.4 वर आलो, 0.6 किलो कमी, आणि 0.6 हे पाचाचे 12%. सूत्र नाही आणि पाठांतरही नाही. भाव गुणिले वापर म्हणजे खर्च, एवढं एकच वाक्य लागलं.

या एका वाक्याची खरी गंमत तीन प्रकरणांनंतर कळते. काळ आणि वेगाच्या प्रकरणात असं गणित येतं: मुलगी रोजच्या वेगाच्या 4/5 वेगाने सायकल चालवत गेली आणि 15 मिनिटं उशिरा पोचली, तर रोज किती वेळ लागतो? इथे वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, आणि अंतर ठरलेलं, घरखर्चासारखंच. वेग 5 : 4 झाला तर वेळ 4 : 5 होणार. वाढलेला एक भाग म्हणजे 15 मिनिटं, रोजचे चार भाग म्हणजे 60 मिनिटं. काळ-कामाच्या प्रकरणात माणसं गुणिले दिवस म्हणजे काम. तिथेही तेच. पुस्तकात ही वेगवेगळी प्रकरणं आहेत, प्रत्येकाची वेगळी सूत्रं आहेत, आणि कच्चा मुलगा तीसेक सूत्रं पाठ करत बसतो. ज्याला गुणोत्तर उलटं होतं हे दिसलं, त्याच्यासाठी ते एकच प्रकरण आहे.

अर्थात हे सरसकट चालत नाही. गुणाकार ठरलेला असेल तरच गुणोत्तर उलटं होतं. त्याच मुलीच्या सायकलची साखळी वाटेत निघाली, 10 मिनिटं तिथे गेली आणि एकूण उशीर 25 मिनिटांचा झाला, असं गणितात म्हटलं, तर ती 10 मिनिटं आधी वजा करावी लागतात. वेगामुळे झालेला उशीर 15 चाच. थेट 25 धरला तर उत्तर 100 मिनिटं येतं, आणि ते पर्यायांमध्ये हटकून छापलेलं असतं. प्रश्न काढणाऱ्यालाही ही चूक माहीत असते.

अगरवालांचं पुस्तक कसं वापरायचं याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. त्यात सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत आणि सरावातल्या प्रश्नांची उकलही त्याच पुस्तकात मिळते. स्वतःच्या जोरावर शिकणाऱ्याला हा मोठाच आधार आहे, आणि नेमका तोच सापळा आहे. अर्ध्या मिनिटात सुचलं नाही की बोट उकलीकडे जातं, उकल वाचल्यावर 'हो, बरोबर' वाटतं, आणि मुलगा ते गणित आलं म्हणून पुढे जातो. ते आलेलं नसतं, पटलेलं असतं. ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित कोऱ्या कागदावर सोडवायला घ्यावं. भाचीचे पहिल्या आठवड्यात उकल वाचलेल्या दहापैकी चारच प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटले. मग नियम केला: उकल बघण्याआधी पाच मिनिटं कागदावर काहीतरी लिहायचं, चित्र काढायचं, आकडे मांडायचे, चुकीचं का होईना. उकल बघितलेल्या प्रश्नाला पेन्सिलीने ठिपका, आणि ठिपका पुसायचा तो न बघता सुटल्यावरच.

अरुण शर्मांच्या पुस्तकात प्रश्न काठिण्याच्या तीन पातळ्यांत विभागलेले आहेत. मुलं त्यांना एलओडी एक, दोन, तीन म्हणतात. एखादा हट्टी विद्यार्थी शेकडेवारीची पहिली पातळी संपवून तिथेच तिसरीला भिडतो आणि दोन आठवडे शेकडेवारीतच घालवतो. त्यापेक्षा आडवं जावं. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी, मिश्रण, काळ-काम-वेग, सगळ्यांची पहिली पातळी आधी, मग परत फिरून दुसरी. वेगाच्या गणितातून शेकडेवारी पुन्हा हाताखालून जाते आणि दुसरी पातळी आपोआप सोपी झालेली असते. सीईटी देणाऱ्याने दुसऱ्या पातळीच्या पुढे जायची गरज मला वाटत नाही. कॅट देणाऱ्याला बीजगणित, भूमिती आणि टाळलेली ती संख्यापद्धतही लागेल, पण ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. 'क्वांटम कॅट' मी भाचीच्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं. पुस्तक वाईट नाही, पण त्याचा पसारा पाय रोवलेल्या माणसासाठी आहे.

झटपट गणिताच्या पुस्तकांचंही असंच. एम. टायरांचं 'क्विकर मॅथ्स' बँकांच्या परीक्षांमुळे घरोघरी पोचलेलं आहे. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, तेव्हा वेग हवाच. पण युक्ती ही आधीच येणाऱ्या गणिताला लावायची असते. कॅटमध्ये तर संगणकाच्या पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो आणि गणिताच्या 22 प्रश्नांना 40 मिनिटं मिळतात. तिथे तीन अंकी संख्येचा वर्ग तोंडी करण्याचं कौशल्य जवळपास वाया जातं.

बुद्धिमापनाकडे वळू. सीईटीच्या अलीकडच्या रचनेत तर्काचे 75 आणि आकृत्यांचे 25 प्रश्न असतात, म्हणजे निम्मा पेपर हाच. गणिताचे 50 असतात. तरी मुलं गणितालाच घाबरून दिवसाचे चार तास तिकडे घालवतात. अगरवालांचं 'अ मॉडर्न ॲप्रोच टू व्हर्बल अँड नॉन-व्हर्बल रीझनिंग' हे शाळेत शिष्यवृत्तीला बसलेल्यांना ओळखीचं वाटेल, कारण मालिका, सांकेतिक भाषा, नाती, दिशा हे सगळं बुद्धिमत्ता चाचणीचंच थोरलं रूप आहे. सीईटीसाठी ते बहुतेक पुरतं, आकृत्यांच्या भागासकट. विधान-गृहीतक आणि युक्तिवादाच्या प्रश्नांत मात्र त्यातली उत्तरं 'का' ते नीट सांगत नाहीत असा माझा अनुभव आहे. तिथे एम. के. पांडेंचं 'ॲनालिटिकल रीझनिंग' जास्त समजावून सांगतं. कॅटमध्ये सांकेतिक भाषा वगैरे सुटे प्रश्न येत नाहीत. तिथे एका माहितीवर चार-पाच प्रश्नांचे संच असतात, म्हणून कॅटवाल्याने या जाड पुस्तकातलं फक्त बैठकव्यवस्था आणि कोड्यांचं प्रकरण करावं आणि मग थेट जुन्या पेपरांतले संच घ्यावेत.

बैठकव्यवस्थेत कच्चा विद्यार्थी कुठे अडकतो ते एका कोड्यावरून सांगतो. पंगतीत पाच जण एका ओळीत, सगळे उत्तरेकडे तोंड करून बसलेत: आजी, काका, मावशी, दादा, ताई. ताई टोकाला नाही. मावशी आणि दादा शेजारीशेजारी आहेत. काका बरोबर मध्ये आहेत. मावशी आणि ताई यांच्यामध्ये नेमके दोघे आहेत. आजी काकांच्या उजवीकडे आहे. तर ओळ कशी?

माहिती ज्या क्रमाने दिली त्याच क्रमाने वापरायला गेलं तर पहिल्याच वाक्याला ताईसाठी तीन जागा निघतात आणि कागद भरून जातो. आधी सगळी वाक्यं वाचून एकाच जागी बसणारं वाक्य शोधायचं. 'काका मध्ये' हे ते वाक्य, काका तिसऱ्या जागेवर. मग मावशी-दादा शेजारी, म्हणजे दोघे डावीकडे 1 आणि 2 वर, नाहीतर उजवीकडे 4 आणि 5 वर. इथे दोन ओळी काढायच्या, एकाखाली एक. बहुतेक चुका याच क्षणी होतात: मुलगा डावीकडची ओळ काढतो, पुढे जातो आणि दुसरी शक्यता होती हेच विसरतो. ताई टोकाला नाही, म्हणून पहिल्या ओळीत ती 4 वर, दुसरीत 2 वर. मावशी आणि ताईमध्ये दोघे, म्हणून पहिल्या ओळीत मावशी 1 वर, दुसरीत 5 वर. उरलेल्या जागी आजी. दोन्ही ओळी आरशातल्या प्रतिमेसारख्या झाल्या. शेवटचं वाक्य त्यातली एक खोडतं: आजी काकांच्या उजवीकडे, म्हणून मावशी, दादा, काका, ताई, आजी.

आणखी एक बारीक गोष्ट. 'मावशी आणि दादा शेजारी' या वाक्यात मावशी डावीकडे असं कुठेही म्हटलेलं नाही, पण तिचं नाव आधी आलं म्हणून हात आपोआप तिला डावीकडे बसवतो. भाचीने नेमकं असंच केलं होतं. या कोड्यात पहिल्या ओळीत उत्तर योगायोगाने जुळलं, त्यामुळे चूक लपली. पुढच्या कोड्यात नाही लपली.

चुकांची वही तिने ठेवली आहे, पण त्यात गणितं उतरवून काढत नाही. फक्त पुस्तकाचं पान, प्रश्नाचा क्रमांक आणि तीनपैकी एक अक्षर: 'स' म्हणजे समजलंच नाही, 'ह' म्हणजे हिशेबात चुकलं, 'वे' म्हणजे सुटलं पण वेळ गेला. 'स' एकाच प्रकरणात गोळा होऊ लागले की पुन्हा शाळेचं पुस्तक. 'ह' सगळीकडे विखुरलेले असतील तर पाढे आणि अपूर्णांकांचा तक्ता, एक द्वितीयांश ते एक षोडशांश, टक्क्यांसकट भिंतीवर. 'वे' जास्त झाले की मगच ते 'क्विकर मॅथ्स' उघडायचं. दोन महिन्यांनी तिच्या वहीत 'स' कमी झालेत आणि 'वे' वाढलेत. अरुण शर्मांच्या पुस्तकाची कड आता मधोमध मळायला लागली आहे. पहिली पन्नास पानं अजून कोरी आहेत.